फोटोतला त्रिकोण वाचताना

भूमितीच्या आकृतीचा फोटो काढला की तिच्यातल्या लांब्या बिघडतात, कोन बदलतात, समांतर रेषासुद्धा एकमेकींकडे झुकू लागतात. तरीही त्याच फोटोवरून गणित अगदी अचूक सोडवता येतं. याचं कारण आकृतीवरच्या बारीकसारीक खुणांमध्ये आहे. बाजूंवरच्या छोट्या रेघा, रेषांवरची बाणाची टोकं, कोनांमधले कंस आणि आकडे फोटो कितीही तिरका आला तरी तेच सांगत राहतात. या खुणा नीट वाचायला शिकवणं म्हणजे मुलाला त्याच्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा हे शिकवणं. पाठ्यपुस्तकात यावर एखादंच वाक्य असतं: ‘सारख्या खुणांनी दाखवलेले घटक एकरूप आहेत.’ त्या एका वाक्यात बरंच काही आहे, म्हणून एकच आकृती घेऊन ते उलगडतो.

आकृती माझ्या नववीतल्या भाचीने फोनवर पाठवलेली आहे. त्रिकोण ABC. A वर, B खाली डावीकडे, C खाली उजवीकडे. बाजू AB वर D आणि बाजू AC वर E हा बिंदू. DE जोडलेली आहे, BE ही जोडलेली आहे. BD आणि DE या दोन्हींच्या मध्यावर एकेक छोटी आडवी रेघ मारलेली आहे. DE वर आणि BC वर मधोमध एकेक बाणाचं टोक आहे, दोन्ही उजवीकडे तोंड केलेली. D पाशी वरच्या बाजूला, म्हणजे ∠ADE मध्ये, ७०° लिहिलंय. C पाशी ६०°. आणि E पाशी ∠BEC मध्ये x. प्रश्न एवढाच: x ची किंमत काढा.

तिचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “मावशी, x नव्वदच आहे ना? BE सरळ लंब दिसतेय. मग ६०° कशाला दिलाय?”

फोटोत खरोखरच BE ही AC ला लंब असल्यासारखी दिसत होती. D हा AB चा अगदी मध्य वाटत होता. आणि DE व BC डावीकडे वाढवल्या तर कुठेतरी भेटतील असं वाटावं इतक्या त्या एकमेकींकडे कललेल्या होत्या. डोळ्यांना तीन गोष्टी दिसत होत्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या.

हे का होतं ते आधी पाहू. वही टेबलावर आडवी असते आणि फोन आपण हातात तिरका धरतो, शिवाय बहुधा थोडा एका बाजूने, कारण अगदी वरून धरला तर फोनचीच सावली कागदावर पडते. कागदाचा जो भाग कॅमेऱ्यापासून लांब असतो तो लहान उमटतो आणि जवळचा मोठा. रेल्वेच्या रुळांमध्ये उभं राहून पाहिलं की ते दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसंच वहीवर छोट्या प्रमाणात घडतं. फोन नुसता पुढे झुकला असता तर DE आणि BC या आडव्या रेषा फोटोतही समांतरच राहिल्या असत्या, फक्त लांब्या बिघडल्या असत्या. भाचीने फोन उजव्या कोपऱ्यातून धरला होता, म्हणून डावीकडचा भाग आक्रसला आणि समांतर रेषा तिकडे जवळ आल्या.

पण या बिघाडालाही मर्यादा आहे, आणि हे मुलांना सांगणं फार गरजेचं आहे. कागद सपाट असेल तर फोटोत सरळ रेषा सरळच राहते. जो बिंदू बाजूवर आहे तो बाजूवरच राहतो. दोन रेषा जिथे छेदतात तिथेच छेदलेल्या दिसतात. D हा A आणि B यांच्या दरम्यान असेल तर फोटोतही तो दरम्यानच असतो. म्हणजे कोणता बिंदू कुठे आहे, कोणती रेषा कशातून जाते, कोण कोणाच्या मध्ये आहे, एवढं फोटोवरून बिनधास्त वाचावं. किती लांब, किती अंशांचा, समान की असमान, समांतर की नाही, हे मात्र फोटोवरून ठरवायचं नाही. ते खुणा ठरवतील. अपवाद एकच: जाड पुस्तकाचं पान शिवणीपाशी वाकलेलं असतं आणि तिथे सरळ रेषाही वाकडी होते. अशा वेळी पान दाबून सपाट धरून पुन्हा फोटो काढावा.

कागद ‘स्कॅन’ करणारी अ‍ॅप्स हा तिरकेपणा काढून टाकतात, ती कागदाचे चार कोपरे शोधून चित्र ताणून चौकट सरळ करतात. पण कागदाची लांबी-रुंदी त्यांनी चुकीची धरली तर सगळी आकृती एका दिशेने ताणली जाते. मग समांतर रेषा समांतर दिसतात, मध्यबिंदू मध्यावर दिसतो आणि कोन मात्र गुपचूप बदललेले असतात. छान सरळ दिसणाऱ्या फोटोवर कोनमापक ठेवायचा मोह होतो तो इथेच. ठेवू नये.

आता खुणांकडे येऊ. बाजूवरची छोटी रेघ एकटी असेल तर तिला काही अर्थ नाही. तिचा अर्थ जोडीत आहे. BD वर एक रेघ आणि DE वर एक रेघ, म्हणून BD = DE. दुसऱ्या कुठल्या दोन बाजू आपसांत समान असतील तर त्यांच्यावर दोन-दोन रेघा मारतात, आणखी एक जोडी असेल तर तीन-तीन. रेघांची संख्या ही नुसती ओळख आहे, माप नव्हे. दोन रेघांची बाजू एका रेघेच्या बाजूच्या दुप्पट असते असं बऱ्याच मुलांना वाटतं, म्हणून हे एकदा स्पष्ट बोलून घ्यावं.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की वेगळ्या खुणा असलेल्या बाजू असमानच आहेत असंही खूण सांगत नाही. एक रेघ आणि दोन रेघा असलेल्या बाजूंची लांबी शेवटी सारखी निघू शकते. दिलेल्या माहितीत ते सांगितलेलं नाही, एवढंच. खुणा नसलेल्या बाजूंचंही तसंच. आपल्या आकृतीत AD वर खूणच नाही. म्हणजे AD ही BD एवढी आहे की नाही याबद्दल आकृती गप्प आहे. भाचीला D मध्यबिंदू वाटला तो डोळ्यांमुळे. मी तिला विचारलं, “AD वर रेघ आहे का?” ती म्हणाली, “नाही. पण BD वर आहे ना.” मी म्हटलं, “त्या रेघेची जोडीदार कुठे आहे ते शोध.” तिने शोधली आणि ती DE वर सापडली. D मध्यबिंदू असता तर जोडीदार AD वर असती.

बाणाची टोकं जरा फसवी असतात, कारण बाण दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. आपल्या पुस्तकांत रेषा काढताना तिच्या दोन्ही टोकांना बाण काढतात. त्या बाणांचा अर्थ ‘ही रेषा दोन्हीकडे अमर्याद वाढते’ इतकाच. दोन रेषांच्या टोकांना बाण दिसले म्हणून त्या समांतर होत नाहीत. समांतरपणाची खूण रेषेच्या किंवा रेषाखंडाच्या मधल्या भागात असते आणि तीही जोडीत येते. दुसरी समांतर जोडी असली तर तिच्यावर दुहेरी बाण येतात. फोटो अस्पष्ट असेल तर मधला बाण आणि बाजूवरची आडवी रेघ यांची गल्लत होते, कारण लहान आकारात दोन्ही एक तिरका ठिपकाच दिसतात. तेव्हा प्रश्नाचा मजकूर पाहावा. ‘रेख DE || बाजू BC’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच गणितांत समांतरपणा आकृतीऐवजी मजकुरातच दिलेला असतो. म्हणूनच फक्त आकृतीचा फोटो पाठवणाऱ्या मुलाला मी आधी प्रश्नाच्या ओळींचा फोटो मागते.

समांतर असल्याचं कळलं म्हणजे नेमकं काय मिळालं? नुसत्या दोन समांतर रेषांवरून कुठलाही कोन मिळत नाही. त्यांना छेदणारी तिसरी रेषा, म्हणजे छेदिका लागते. आपल्या आकृतीत DE आणि BC या समांतर रेषा आहेत आणि त्यांना छेदणाऱ्या तीन आहेत: AB, AC आणि BE. मुलांना AB आणि AC दिसतात, BE निसटते, कारण ती E पाशी थांबते आणि ‘छेदून पलीकडे’ जात नाही. म्हणून मी भाचीला BE पेन्सिलीने दोन्हीकडे थोडी वाढवायला सांगितली. वाढवली की E आणि B पाशी तयार होणारे कोन सुटे सुटे दिसतात. ∠DEB हा BE च्या एका बाजूला, ∠EBC दुसऱ्या बाजूला, दोन्ही समांतर रेषांच्या आत. हे व्युत्क्रम कोन, म्हणून समान. AB ही छेदिका घेतली तर ∠ADE आणि ∠ABC हे संगत कोन, तेही समान.

कोनांच्या खुणांत सगळ्यात जास्त गोंधळ आकडा कुठल्या कोनाचा हे ओळखण्यात होतो. D पाशी दोन कोन आहेत, ∠ADE आणि ∠BDE. ७०° हा आकडा नेमका DE या रेषेच्या जवळ पडला तर तो वरचा की खालचा हे समजत नाही. अशा वेळी आकड्याच्या जागेपेक्षा कंस पाहावा. कंसाची दोन टोकं ज्या दोन रेषांना टेकतात त्यांच्यामधला कोन. भाचीच्या फोटोत कंस अंधूक होता, पण मोठा करून पाहिल्यावर तो AD आणि DE ला टेकलेला दिसला. कंस मोठा काढला म्हणून कोन मोठा ठरत नाही, हेही लगेच सांगून टाकावं. एकाच बिंदूपाशी दोन कोन दाखवताना एकाचा कंस आत आणि दुसऱ्याचा बाहेर काढावा लागतो, एवढंच त्याचं कारण. दोन ठिकाणी सारखे कंस, म्हणजे एकेरी-एकेरी किंवा दुहेरी-दुहेरी, दिसले तर ते कोन समान. आणि कोपऱ्यात छोटा चौकोन असेल तरच तो काटकोन. E पाशी चौकोन नव्हता. x ला नव्वद म्हणायला एवढी एक गोष्ट कमी होती, आणि ती पुरेशी होती.

अंशाची खूण हाही फोटोतला नेहमीचा धोका आहे. अंशाचं वर्तुळ शून्यासारखं दिसतं. त्यामुळे ७° हे ७० वाचलं जातं, आणि ७०° हे ७०० दिसलं की मूल गोंधळतं. इथे फोटोचा ढोबळ आकार कामाला येतो. फोटो सत्तर अंशांचा कोन पंचाहत्तर किंवा पासष्ट दाखवेल, पण सात अंशांच्या अणकुचीदार कोनाला सत्तरसारखा सहसा दाखवणार नाही. आकडा खालच्या ∠BDE चा आहे असं समजून पाहिलं तरी तीच परीक्षा लागू होते. मग ∠ADE ११०° होईल, संगत कोन म्हणून ∠ABC ही ११०°, C चे ६०° मिळवले तर A साठी फक्त १०° उरतील. त्रिकोण B पाशी बाहेर झुकलेला, लांबुडका दिसला असता. फोटोत तसा तो मुळीच नव्हता. तेव्हा आकृतीच्या आकाराचा उपयोग आकडा वाचण्यापुरता करावा, उत्तर काढण्यासाठी नाही.

आता गणित. तीन नावं एका अक्षरात अडकू नयेत म्हणून कोन नेहमी तीन अक्षरांनी लिहावेत. शिरोबिंदू मधलं अक्षर. E पाशी ∠AED, ∠DEB आणि ∠BEC असे तीन कोन आहेत. नुसतं ‘∠E’ लिहिलं की पुढे आपलंच लिखाण आपल्याला कळत नाही.

त्रिकोण BDE मध्ये BD = DE, म्हणून समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाने ∠DBE = ∠DEB. इथे मुलं अनेकदा चुकीचे दोन कोन समान धरतात. समान बाजूंसमोरचे कोन समान असतात. BD समोर E आहे आणि DE समोर B आहे. D हा दोन समान बाजूंच्या मधला कोन, तो वेगळा.

A-D-B एका रेषेत आहेत, हे फोटोवरून विश्वासाने घेता येतं. म्हणून ∠ADE हा त्रिकोण BDE चा बाह्यकोन. दूरस्थ आंतरकोनाच्या प्रमेयाने तो ∠DBE आणि ∠DEB यांच्या बेरजेइतका. बेरीज ७०°, दोन्ही समान, म्हणून प्रत्येकी ३५°.

आता BE छेदिका. DE || BC, म्हणून ∠EBC = ∠DEB = ३५°. त्रिकोण BEC मध्ये ∠EBC ३५° आणि ∠C ६०°, म्हणून ∠BEC = १८०° − ३५° − ६०° = ८५°. x म्हणजे पंच्याऐंशी.

“म्हणजे नव्वदच्या जवळच होता की,” भाची म्हणाली. जवळ होता, म्हणूनच तर फसवत होता. पाच अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही आणि तिरक्या फोटोत तर मुळीच नाही. उत्तर तपासायला दुसरी वाट आहे. AC ही छेदिका घेतली तर ∠AED हा ∠C चा संगत कोन, म्हणून ६०°. A-E-C एका रेषेत, तेव्हा E पाशी डाव्या बाजूचे तीन कोन मिळून १८०° व्हायला हवेत: ६० + ३५ + ८५. होतात. याच वाटेने आणखी एक गोष्ट हाती लागते. ∠ABC ७०° आहे आणि त्यातला ∠EBC ३५°, म्हणजे BE ही B च्या कोनाची दुभाजक आहे. आकृतीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते दोन रेघा आणि दोन बाण यांतून निघालं.

D मध्यबिंदू आहे का, हा प्रश्न तिने सोडला नव्हता. तो सोडवण्यासारखाही आहे. समजा BD आणि DE पाच-पाच सेंटीमीटर. वरच्या त्रिकोण ADE चे कोन ५०°, ७०° आणि ६०°. E पाशी ६०° आणि A पाशी ५०°, म्हणून ६०° समोरची AD ही ५०° समोरच्या DE पेक्षा मोठी. त्रिकोणमितीने हिशेब केला तर AD सुमारे ५.६५ सेंटीमीटर येते. म्हणजे AD ही BD पेक्षा जवळपास तेरा टक्के मोठी आहे. फोन खालच्या बाजूने धरला असल्याने वरचा भाग लांब पडला आणि आक्रसला, त्यातच हा फरक विरून गेला.

मध्यबिंदू समजण्याने काय झालं असतं तेही पाहावं, कारण त्यामुळे x चं उत्तर चुकत नाही आणि म्हणून चूक लक्षात येत नाही. D मध्यबिंदू आणि DE || BC म्हटलं की मूल लगेच मध्यबिंदूंचं प्रमेय लावतं आणि BC = २ × DE, म्हणजे दहा सेंटीमीटर, असं लिहून मोकळं होतं. खरी BC सुमारे ९.४ सेंटीमीटर आहे. पुढच्या उपप्रश्नात BC विचारली असती तर उत्तर गेलं असतं, आणि सगळ्या पायऱ्या बरोबर असूनही कुठे बिनसलं हे समजलं नसतं.

अशा चुका पकडण्यासाठी मी एक पद्धत वापरते. फोटोवरून आकृती वहीत उतरवताना मुद्दाम वेगळी काढायची. त्रिकोण जरा आडवा, D बाजूच्या खालच्या तिसऱ्या भागात, BE कुठूनही लंब दिसणार नाही अशी. फक्त तीन गोष्टी जशाच्या तशा ठेवायच्या: कोणता बिंदू कशावर आहे, खुणा कुठे आहेत आणि आकडे कुठल्या कोनात आहेत. मग त्या वेड्यावाकड्या आकृतीवर गणित सोडवायचं. जी पायरी खुणांवर उभी आहे ती इथेही टिकते. जी पायरी ‘तसं दिसतंय’ यावर उभी होती ती सुचतच नाही, कारण आता तसं दिसत नाही. भाचीने अशी आकृती काढली तेव्हा D मध्यबिंदू आहे हे तिला कुठूनच लिहिता येईना. BD = DE मात्र लिहिता आलं, जरी तिच्या चित्रात BD ही DE च्या निम्मी दिसत होती.

पायरी लिहिताना तिच्यासमोर कारणही लिहायचं: ‘दिलेले आहे’, ‘संगत कोन’, ‘व्युत्क्रम कोन’, ‘समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय’. कारणाच्या जागी ‘आकृतीवरून’ लिहायची वेळ आली तर थांबून स्वतःला विचारायचं, की आकृतीतून मी बिंदूंची जागा वाचतेय की माप. जागा असेल तर चालेल. युक्लिडच्या काळापासून सिद्धतेतल्या कितीतरी गोष्टी, कोणता बिंदू कुठल्या बाजूला आहे अशा, आकृतीवरूनच घेतल्या जातात. माप असेल तर पायरी खोडायची.

मापून पाहायची हौस असेल तर फोटोवर नको, नव्या कागदावर रचना करून पाहावी. BC ९.४ सेंटीमीटर घ्यायची. B पाशी ७०° आणि C पाशी ६०° चे कोन काढून A मिळवायचा. B पासून BA वर पाच सेंटीमीटरवर D घ्यायचा. गुण्या पट्टीला लावून सरकवत D मधून BC ला समांतर रेषा काढायची, ती AC ला जिथे छेदेल तिथे E. DE मोजली की पट्टीवर पाच सेंटीमीटर येतील, पेन्सिलीच्या टोकाइतका फरक सोडून. मग BE जोडून E पाशी कोनमापक ठेवायचा. तो ८५° दाखवतो.